आठवी ओळ

सुकदेव आप्पाला नट म्हणणं म्हणजे पुजाऱ्याला आचारी म्हणण्यासारखं. सुरतेतल्या आमच्या उधन्याच्या नाटकमंडळात त्याने बावीस वर्षांत एकही भूमिका केली नाही. ना राजा, ना विदूषक, ना साधा द्वारपाल. तो फक्त नांदी म्हणायचा. चार मिनिटांचं काम, आणि त्यासाठी वर्षभराची तयारी. बाकीचे दिवस तो पलसाण्याला डाइंग युनिटमध्ये कापड रंगवायचा, आणि जेट मशीनच्या घरघरीत स्वतःशीच सूर लावायचा. तिथली पोरं त्याला ‘गवैया काका’ म्हणत. चिडवायला म्हणत, पण म्हणत.

मी चिंधा. मंडळाची पायपेटी माझ्याकडे. आप्पाला पहिला सूर मी द्यायचो, काळी दोन.

आमच्यात गावाकडून आलेली रीत आहे. पहिल्या घंटेला पडद्यामागे नटराजाची पूजा, ऊद, नारळ. दुसऱ्या घंटेला नांदी म्हणणारे पाच जण अनवाणी, अर्धवर्तुळात उभे राहतात, मधोमध सूत्रधार, म्हणजे आप्पा. तिसऱ्या घंटेला मी सूर धरतो, आणि तबल्याची थाप पडते तसा पडदा वर जातो. नांदी चालू असताना दारावरचा माणूस कुणालाही आत सोडत नाही. मग तो सरपंचाचा मेहुणा का असेना.

आमच्या नांदीच्या ओळी आठ. शिंदखेड्याच्या एका मास्तरांनी कधीकाळी लिहिलेल्या. पहिल्या दोन गणपतीच्या, पुढच्या दोन शारदेच्या, मग दोन शंकराच्या. शंकर नटांचा राजा, त्याला टाळून रंगभूमीवर पाय ठेवता येत नाही. या सहा ओळींना हात छातीशी आणि नजर वर. सातवी ओळ आशीर्वादाची, मेघ वेळेवर येवोत, सगळ्यांचं घर भरलेलं राहो. आणि आठवी सभेची:

‘सभा ही मायबाप अमुची, तिच्या चरणी लवतो माथा.’

इथे आप्पाची नजर खाली यायची. जोडलेले हात तो डाव्या अंगापासून उजव्या अंगापर्यंत सावकाश फिरवायचा. मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या माणसालासुद्धा वाटायचं की हा मलाच नमस्कार करतोय. मग सगळी सभा उलट हात जोडायची. मंगलाबाई, आप्पाची बायको, बायकांच्या रांगेत सगळ्यात आधी हात जोडायची. घरी नवऱ्याला ‘झोपमा सूर काढू नका’ म्हणणारी बाई तिथे देवाला हात जोडावे तशी बसायची. तो नमस्कार परत मिळाल्याशिवाय आप्पा मागे सरत नसे. ‘देवले नमस्कार चुकना ते एक येळ माफ व्हई, पन सभाले नमस्कार चुकना ते नाटक बोंबलनं,’ असं तो म्हणायचा.

आता योगराज. आमच्या मंडळाचा सेक्रेटरी, आप्पाच्या शेजारच्या गावचा. सुरतेत आला तेव्हा सहा महिने आप्पाच्याच खोलीत राहिला, मंगलाबाईच्या हातची भाकरी खाऊन. माणूस हुशार, गोड बोलणारा. त्याच्या तोंडात साखर आणि खिशात कात्री, असं मी आधीही म्हणायचो, फक्त हळू म्हणायचो.

गेल्या वर्षी गणपतीनंतर तो आप्पाकडे फोन घेऊन गेला. ‘आप्पा, तुमना गळा अजून चांगला शे. नवीन पोरंसले शिकाले नांदी रेकॉर्ड करी ठेवूत.’ आप्पा हुरळला. शिकवायला म्हणजे केवढा मान! दार-खिडक्या लावून, पंखा बंद करून, घामाघूम होत त्याने आठही ओळी म्हटल्या. सूर द्यायला मीच होतो.

प्रयोगाच्या तीन दिवस आधी योगराज माझ्याकडे आला. म्हणाला, ‘पेटी नांदीनंतर सुरू कर.’ मला आधी कळेना. मग त्याने सगळं सांगितलं. प्रयोग मोबाईलवरून लाईव्ह जाणार, गावी सगळे बघणार. मखमली झब्ब्यातली पाच देखणी पोरं उभी राहतील, ओठ हलवतील, आवाज आप्पाचा रेकॉर्डचा. आप्पाच्या नखांत रंग असतो, जोडलेल्या हातांवर कॅमेरा गेला की बरं दिसत नाही. आप्पाला पुढच्या रांगेत बसवून शाल द्यायची. ‘तू सांगू नको, उगाच वाईट वाटी.’

मी मान डोलावली. का डोलावली, हे मी स्वतःला खूपदा विचारलं आहे. योगराज मला पेटीवरून उठवेल ही भीती होती, दुसरं काही नाही. भित्र्या माणसाला कारण एकच पुरतं.

रविवारी संध्याकाळी हॉल भरला. आप्पा लिंबाने हात घासघासून आला होता, तरी नखांच्या कडा जांभळ्या होत्या. पाय धुऊन आला होता. योगराजने त्याला पहिल्या रांगेत बसवलं, खांद्यावर शाल घातली. टाळ्या झाल्या. आप्पाला वाटलं, मान आहे, मग काम आहे. दुसरी घंटा झाली तशी त्याने चपला काढून खुर्चीखाली सारल्या आणि उठला. योगराजने खांदा दाबून त्याला खाली बसवलं.

‘आप्पा, आज तुम्ही पाव्हना.’

आप्पाने माझ्याकडे पाहिलं. पडद्याच्या फटीतून मी त्याला दिसत होतो. मी पेटीच्या भात्यावरून पाय काढून घेतला आणि चटईकडे बघत राहिलो.

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला आणि स्पीकरमधून आप्पाचा आवाज आला, बंद खोलीतला. पोरं ओठ हलवत होती, एकाचा ओठ गणपतीवर तर दुसऱ्याचा शारदेवर. सहा ओळी झाल्या, सातवी झाली. मंगलाबाईने हात जोडले. मागच्या रांगांतही हात वर आले, बावीस वर्षांची सवय. आप्पानेही जोडले, तो आयुष्यात पहिल्यांदा सभेत बसला होता ना.

आठवी ओळ आलीच नाही. तिच्या जागी योगराजचा आवाज आला, ‘आजच्या प्रयोगाचे सौजन्य...’ आणि पुढे कुठल्याशा साडीच्या दुकानाचं नाव. लोकांचे हात तसेच हवेत राहिले. मग एकेकाने खाली घेतले, कुणी केस सारखे केल्यासारखं केलं. मंगलाबाईने सगळ्यात शेवटी घेतले.

मध्यंतरात आप्पा विंगेत आला, अनवाणीच. योगराज पुढे धावला. ‘आप्पा, आवाज तं तुमनाच व्हता ना! आख्खा गावनी ऐकं.’

‘आवाज मना व्हता,’ आप्पा म्हणाला. ‘मना आवाज लाईसन तू सभाले पाठ दावी.’

योगराज वेळेचं काहीतरी बोलला, लाईव्हचं काहीतरी बोलला. आप्पाने ऐकलं नाही. शाल काढून त्याच्या हातात दिली आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

‘चिंधा, तुले ठाऊक व्हतं का रे?’

खोटं बोलता आलं असतं. योगराज पाठीशी उभा होता, त्याने सावरलंही असतं.

‘व्हतं,’ मी म्हणालो.

आप्पाने मान हलवली, हिशोब पटल्यासारखी. त्याचे डोळे भरले नव्हते, उलट कोरडे झाले होते. ‘त्याना मी इचार करत नही,’ तो म्हणाला. ‘तो सेक्रेटरी शे. तू तं मना सूर व्हता.’

तो मागच्या दाराने गेला. चपला खुर्चीखालून मंगलाबाईने उचलून नेल्या. त्यानंतर मंडळात दोघं कधी आली नाहीत, आणि रस्त्यात भेटलो तर आप्पा माझ्याशी जेवणखाण विचारण्यापुरतं बोलतो, परक्याशी बोलतात तसं, अहो-जाहो करून.

त्या संध्याकाळी मग घंटा झाली आणि दुसरा अंक सुरू झाला. मी पेटीवर बसलो. सगळी पदं वाजवली, भरतवाक्यापर्यंत. एकही सूर चुकला नाही, आणि त्याचीच मला लाज वाटते.