एका हप्त्याला तीन बकऱ्या

टेकडीच्या तांड्यात रुपीबाईची चाल ओळखू येते. बाई बाजाराला निघाली तरी वाटते फौज निघाली. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण मान कधी खाली गेली नाही. तांड्यातल्या बचत गटाची ती अध्यक्ष. दहा बायकांचा गट, आणि आर्णीच्या बँकेत हप्ता भरायला सगळ्यांत आधी कोण, तर हाच गट. रुपीबाई म्हणे, "वावर गेलं तं दुसरं भेटन. बँकेत नाव गेलं तं कुठून आणाल वं?"

अशी बाई, आणि तिनेच दीड वर्षात अर्ध्या तांड्याचे गोठे रिकामे केले. तेही इमानदारीने.

त्याचं असं झालं. ज्या उन्हाळ्यात कापसाने भावाचा आकडा पार डोंगरावर नेला, त्या उन्हाळ्यात आर्णीभोवतीच्या सगळ्या तांड्यांत पैसा खुळखुळत होता. लग्नात मटण, बारशाला मटण, नवी मोटरसायकल आणली तरी मटण. बकरीला आठ हजार भाव. बँकेने नऊ तांड्यांच्या नऊ गटांना एकाच मांडवात बोलावलं आणि एकाच दिवशी शेळीपालनाचं कर्ज दिलं. प्रत्येकीला दहा बकऱ्यांपुरते पैसे, तीन महिन्यांनी एक हप्ता, असे बारा हप्ते. हप्ता आठ हजारांचा. म्हणजे एक बकरी विकली की हप्ता निघाला, बाकी कळप आपला. हिशोब इतका सोपा होता, की कोणाच्या मनात शंका यायलाही जागा नव्हती.

मग कापूस उतरला. सोयाबीनही उतरलं. माणसाच्या खिशातला पैसा आटला की ताटातून आधी मटण जाते. बकरीचा भाव आठावरून सहा, सहावरून साडेचार झाला. हप्ता मात्र आठ हजारच राहिला. कागदावरच्या आकड्याला कापसाचा भाव काय ठाऊक!

रुपीबाईने कंबर कसली. एका बकरीत हप्ता निघत नाही तर दोन विका, पण तारीख चुकवू नका. नाल्यापलीकडच्या तांड्याच्या गटाची अध्यक्ष संगीता हप्ता न घेता बँकेत आली, तेव्हा रुपीबाई भर बँकेत म्हणाली, "पदराले आरसे टिकल्या लावाले पैसे हायेत बाईजवळ, हप्त्यालेच नाईत." बायका हसल्या. संगीताने दंडाचं व्याज लावून घेतलं आणि निघून गेली.

सहाव्या हप्त्याच्या आदल्या दिवशी आर्णीचा बाजार होता. रुपीबाई गटातल्या बायकांना घेऊन बकऱ्यांच्या आवारात शिरली. तिच्यासोबत बबिता होती. एकटी राहणारी बाई, गोठ्यात पाचच जनावरं उरलेली. सत्तारभाई व्यापाऱ्याने बबिताच्या बकरीची पाठ चाचपली.

"साडेतीन."

"साडेतीन?" रुपीबाई उसळली. "मागच्या खेपेले साडेचार देल्लते ना तुमी!"

"मागच्या खेपेले बजार असा होता का? जरा मान फिरवून पाहा, रुपीबाई."

तिने पाहिलं. कडुनिंबापासून पार रस्त्यापर्यंत बकऱ्याच बकऱ्या. आणि दोऱ्या धरून उभ्या असलेल्या सगळ्या ओळखीच्या. नऊच्या नऊ तांड्यांतल्या बाया. घेणारे मात्र चार.

"उद्या हप्ता हाये तुमचा," सत्तारभाई म्हणाला. "साऱ्या आर्णीले म्हाईत हाये. तुमी आज बकरी वापस नेत नाई, हेबी म्हाईत हाये. मी जास्त देऊ कायले? अन् देऊ कुठून? यवतमाळच्या हाटेलवाल्यानं मले तीन महिन्यांपासून रोकडा दाखवला नाई. माह्या गाडीचंबी कर्ज हाये, बाई. माह्यासाठी कोणी रडून राह्यलं का?"

दोन बकऱ्यांचे सात हजार. हप्त्याला हजार कमी. तिसरी द्यावी लागणार होती, आणि उरलेल्या तिन्ही गाभण होत्या.

"रुपीबाई, हे पोटुशी हाये वं," बबिता हळूच म्हणाली.

"तारीख उद्याची हाये," रुपीबाई म्हणाली आणि तिने स्वतःच्या हाताने दोरी सोडून सत्तारभाईच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी हप्ता भरला. सगळ्यांत आधी. परतताना ऑटोत रुपीबाईचं डोकं चालू होतं. कर्ज घेतलं तेव्हा व्याजासकट देणं होतं बारा बकऱ्यांचं. अर्धे हप्ते फेडले. राहिले सहा. आता साडेतीनच्या भावाने ते सहा हप्ते फेडायला किती बकऱ्या लागतील? तिने बोटांवर मोजलं, परत मोजलं. चौदा. बारा बकऱ्यांचं देणं निम्मं फेडलं आणि चौदा बकऱ्यांचं उरलं! तांडा येईपर्यंत तिच्या तोंडाला फेस आला.

तांड्याच्या तोंडाशी देवसिंगचं किराणा दुकान. त्याने साखरेचा, तेलाचा भाव पाडून ठेवला होता, तरी गिऱ्हाईक नव्हतं. असेल कुठून? बायकांच्या हातातला पैसा तर बँकेत चालला होता. देवसिंग ओरडला, "काकी, तुमच्या गटाची लय इज्जत हाये म्हणते बँकेत. माह्या दुकानाचा हप्ताबी त्या इज्जतीतूनच भरून टाका ना!" रुपीबाई एरवी त्याला चार शब्द सुनावायची. आज सरळ घरी गेली.

ओसरीत सासरा भीमसिंग बाजेवर बसला होता, नवरा नेमसिंग दावं वळत होता. तिने बाजारातली गोष्ट सांगितली. म्हातारा हसला. उरलेले दोन दात दिसले.

"आपले आजेपणजे बैलांवर मीठ लादून फिरे तवा दोन तांडे एका पेठेत एका दिशी उतरत नव्हते. तांड्याचा नायक पहिले स्वार धाडे. पेठेत दुसऱ्याचं मीठ पडलं असन तं आपला तांडा नाल्यावर डेरा टाके. चार दिवस बैल चारे, पण मीठ माती करत नव्हते. अन् तुमी नऊ तांडे एकाच दिशी उतरून राह्यल्या? गोरमाटीच्या, बंजाऱ्याच्या पोरी ना तुमी?"

"मीठ थांबते, बाप्पा. हप्ता थांबत नाई."

"मंग हप्ता थांबव," नेमसिंग दाव्यातून मान वर न करता बोलला.

रुपीबाई त्याच्यावर अशी धावली की दावं हातातून पडलं. "माह्या गटाची तारीख आजलोक चुकली नाई! तुमी चुकवाले सांगता?"

"मी कायले सांगू? बबिताच्या गोठ्यात जा. तिथं दोन बकऱ्या हायेत. त्या सांगतीन."

रात्र गेली. सकाळी तिला एवढं कळून चुकलं होतं, की आपल्या एकट्या गटाने विकायचं थांबवून भागत नाही. बाकी आठ तांडे विकतच राहिले तर भाव तिथेच राहील, आणि नाव तेवढं आपलं जाईल. थांबायचं तर नऊही तांड्यांनी थांबायचं. आणि हप्त्यावरून रुपीबाईचे टोमणे खाल्लेल्या बाकीच्या अध्यक्षांना गोळा करू शकेल अशी बाई एकच होती. संगीता.

नाल्यापलीकडे जाताना रुपीबाईची चाल पहिल्यांदाच हळू झाली. संगीता दारात तूर पाखडत होती.

"अबाबा! बँकवाल्या बाई आमच्या दारात! काय वं, कोणाचा हप्ता चुकला?"

"माहा चुकणार हाये."

सूप थांबलं. संगीताने बाजेकडे हात केला. रुपीबाई बाजेवर बसली नाही, खाली तुरीच्या ढिगाजवळ बसली. "त्या दिशी बँकेत बोलली ते मी वाईट बोलली. आता ऐकून घे." आणि तिने चौदा बकऱ्यांचा हिशोब मांडला.

संगीताने तिला उठवून गोठ्यापाशी नेलं. आत अकरा बकऱ्या होत्या. "मी दंड भरला, शिव्या खाल्ल्या, पण गाभण इकली नाई. तुह्या टोमण्यापायी चार दिवस जेवली नव्हती मी."

"मंग आता माह्या घरी जेवाले ये. पण पहिले माह्यासंगं चाल."

आठ दिवस दोघी फिरल्या. कोणी दारातूनच हाकललं, कोणी विचारलं, "तुह्या गटाले बँकेनं पाठवलं का हेरगिरी कराले?" पण चौदाचा हिशोब प्रत्येकीने आपापल्या बोटांवर मोजून पाहिला, आणि शेवटी नऊच्या नऊ जणी बँकेत जाऊन बसल्या. रुपीबाईने बबितालाही सोबत नेलं होतं.

बँकेच्या मॅनेजर सुचित्रा मॅडम यवतमाळच्या. चष्मा काढून त्यांनी सगळ्यांचं नीट ऐकून घेतलं.

"एकटा गट आला असता तर वरचे म्हणाले असते, गट बुडाला. नऊ आलात, तर भाव पडलाय हे मला मांडता येईल. हप्ता निम्मा होईल, मुदत वाढेल. पण दोन गोष्टी आधीच सांगते. व्याज चालू राहणार, म्हणजे एकूण जास्त भरावं लागेल. आणि वेळेवर भरणाऱ्यांच्या पहिल्या वर्गात तुमचं नाव राहणार नाही. रुपीबाई, तुमच्या गटाच्या दालमिलचं कर्ज मंजुरीला गेलं होतं. ते आता परत येईल."

दालमिल. तीन वर्षांपासून रुपीबाई त्या मिलची जागा रोज झाडून ठेवत होती. तिने एकदा बबिताकडे पाहिलं. बबिता जमिनीकडे पाहत होती.

"मॅडम, तुमी आमच्या बकऱ्या जप्त केल्या तरी त्याच बजारात इकसान ना? तिथं भाव अजून पडन. तुमचंबी निघणार नाई," रुपीबाई म्हणाली.

"तेच लिहिणार आहे मी," सुचित्राबाई म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा बरं लिहिता आलं तर."

"मंग लिहा. अन् दालमिलचा कागद वापस द्या."

मंजुरी आली. त्याआधीच नऊ जणींनी ठरवलं, की एका बाजाराला एकाच तांड्याने विकायचं, तेही बोकडच. गाभणीला दोरी लावायची नाही. ज्या तांड्याची पाळी नसेल त्याने आपला माल टेकडीवर चरायला न्यायचा. पहिल्या बाजारात सत्तारभाई मोकळ्या आवारात उभा राहून म्हणाला, "आज काय सण हाये का?" भाव काही आठावर गेला नाही. साडेतीनवरून चारवर आला आणि तिथे टिकला. पडायचा थांबला, एवढंच. पण निम्मा हप्ता एका बोकडात निघू लागला, आणि बबिताच्या दोन्ही बकऱ्या घरीच व्याल्या. देवसिंगच्या दुकानातही साखरेची किलोची पुडी पुन्हा बांधली जाऊ लागली.

वर्षाअखेरीस बँकेने तालुक्यातल्या गटांचा मेळावा भरवला. पहिल्या वर्गातल्या गटांना शाल-नारळ. दरवर्षी पहिला नारळ टेकडीच्या तांड्याचा असे. यंदा रुपीबाई मधल्या रांगेत संगीताला खेटून बसली होती. शाली वाटून झाल्या, टाळ्या झाल्या. मग कारकून मुदत वाढवून घेतलेल्या गटांची नावं वाचू लागला. लाज वाटावी अशा बारीक आवाजात, भराभर.

"साहेब," रुपीबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "ऐकू येऊन नाई राह्यलं. जोरानं वाचा."

कारकून गोंधळला. त्याने सुचित्राबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. "टेकडीचा तांडा. अध्यक्ष, रुपीबाई नेमसिंग आडे."

रुपीबाई उठली. गुडघे कुरकुरले. पदर सावरला, मान ताठ केली आणि सगळ्या सभेला दिसेल अशी उभी राहिली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिला त्या नकोच होत्या. "नाल्याचा तांडा," कारकून म्हणाला, आणि संगीता उठून तिच्या शेजारी उभी राहिली. मग तिसरी, मग चौथी. नऊ नावं वाचून होईपर्यंत कोणी खाली बसलं नाही.