शेजारच्या पायाखालचा ब्रेक

त्या दिवशी बोरीहून निघाल्यापासून माझी नजर रस्त्यावर कमी आणि अण्णांच्या उजव्या पायावर जास्त होती. अण्णा म्हणजे माझे वडील. पाय ब्रेककडे गेला की मला बरं वाटायचं. बराच वेळ एकाच जागी राहिला की मी काहीतरी विचारायचे, आणि त्यांनी उत्तर दिलं की श्वास सोडायचे.

आम्ही मला गाडी शिकवणारी शाळा शोधायला निघालो होतो.

त्याच्या दोनेक महिने आधी गोठ्यात एक गोष्ट घडली होती. अण्णा धार काढून उठले आणि उभ्या जागी थांबले. डोळे उघडे होते, पण समोर मी आहे हे त्यांना कळत नव्हतं. ओठ काही चघळल्यासारखे हलत होते, एका हाताची बोटं शर्टाच्या बटणाशी चाळा करत होती. मी हाका मारत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, बादली कुठं ठेवली? बादली त्यांच्याच दुसऱ्या हातात होती. नंतर एकदा विहिरीवर तसंच झालं. दोन्ही वेळा तिथं मी एकटीच होते.

मंचरच्या डॉक्टरांकडे त्यांना मीच नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की ही फिटच असते, माणूस खाली पडला नाही तरी. गोळ्या लिहून दिल्या, मेंदूचा फोटो काढून आणायला सांगितलं, आणि गाडी अजिबात चालवायची नाही असं बजावलं. अण्णांनी मान हलवली. बाहेर आले, गाडीत बसले आणि स्वतःच चालवत घरी घेऊन आले. वाटेत एवढंच म्हणाले, "तुझ्या आईला बीपीच्या गोळ्या हायेत म्हणून सांग."

मी तसं सांगितलं. वडिलांना उलट बोलायचं कसं, हे मला आजही नीट येत नाही.

आमच्या गाडीतून रोज सकाळी माझा धाकटा भाऊ आणि चुलतीची दोन मुलं आळेफाट्याच्या शाळेत जायची. मी एकदा धीर करून अण्णांना म्हणाले की मुलांना एसटीनं जाऊ दे. ते चिडले नाहीत. म्हणाले, तूच गाडी शीक, तुझं लायसन आलं की चावी तुझी. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. लायसन यायला किती दिवस लागतात, हे मला माहीत नव्हतं.

घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे ऑनलाइन अर्ज, ऑफिस, फोन करून चौकशी, सगळं माझ्याकडे असतं. मी शाळांना फोन केले होते. पण फोनवर कुणी नीट सांगत नाही. फी विचारली की म्हणतात, या, बसून बोलू. मी म्हटलं, मी जाऊन येते. अण्णा म्हणाले, गाडी बघितल्याशिवाय पैसं द्यायचं न्हाई. बैल घेताना दात बघावेत तसं त्यांना शिकवायची गाडी बघायची होती. आणि ती बघायला ते मला घेऊन स्वतः गाडी चालवत निघाले.

गाडी शिकवणारी आळेफाट्याची शाळा सगळ्यात जवळ होती. मला तिथंच नाव घालून परत फिरायचं होतं. शाळेचा मालक तरुण होता, अण्णांना "या पावणं" म्हणाला, चहा मागवला. पंधरा दिवसांचे तीन हजार. अण्णांचा चेहरा खुलला. मी विचारलं, लायसनचं धरून का? तर नाही. लर्निंग आणि पक्कं, दोन्हीच्या कागदपत्रांचे अडीच हजार वेगळे. त्यात सरकारी फी किती आणि तुमचे किती, हे विचारल्यावर तो म्हणाला, सगळं मिळून असतं ते. टेस्टच्या दिवशी गाडी लागेल, तिचे पाचशे.

अण्णा बाहेर जाऊन गाडी बघून आले. जुनी होती आणि तिच्यात आधीच तीन मुलं शिकायला बसली होती. त्यांनी विचारलं की ही एका वेळेला एवढी का? मालक म्हणाला, एकाचं बघून दुसरा शिकतो. म्हणजे दिवसाला जेमतेम दहा मिनिटं हातात गाडी. मला हे कळलं, तरी मी म्हणाले, "चालेल मला." कारण पुढं जायचं म्हणजे पुन्हा हायवे.

मग मी जे विचारायचं तेच विचारलं. लायसन किती दिवसांत मिळेल?

"लर्निंग आठवड्यात काढून देतो. त्यापुढं तीस दिवस थांबायला लागतंय. ते कुणालाच चुकत न्हाई, ताई."

मी मनात मोजलं. सव्वा महिना रोज सकाळी तीन मुलं त्या गाडीत. अण्णा मात्र उठले आणि म्हणाले, नारायणगावात पण इचारून बघू.

हायवेवर उसाच्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या होत्या. अण्णा एका ट्रॅक्टरला ओलांडायला बाजूला निघाले, समोरून ट्रक येत होता, आणि त्यांनी एकदम बोलणं थांबवलं. मी डावा हात दाराला आणि उजवा हँडब्रेकवर ठेवला. मला तो ओढता आला असता की नाही, त्यानं काय झालं असतं, काही माहीत नव्हतं. ट्रॅक्टर मागं पडला. अण्णा म्हणाले, "हात काढ तिथनं. तुला काय वाटतं, मी झोपलोय?"

मी हात काढला. ते फक्त गाडी चालवण्यात गुंतले होते. पण ते गुंतले आहेत की गोठ्यातल्यासारखे हरवले आहेत, हे बाजूनं बघून मला ओळखता येत नव्हतं. हीच तर भीती होती.

नारायणगावची शाळा मोठी होती, काचेचं ऑफिस, नवी गाडी. दहा दिवस, सहा हजार, सगळं त्यातच. किती वेळ गाडी हातात मिळेल, या प्रश्नाला तिथल्या माणसानं हसून उत्तर दिलं की टेस्टची काळजी तुम्ही करू नका, तुम्ही फक्त त्या दिवशी येऊन बसा. बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "आपल्याला कागद न्हाई पायजे. तू पोरं नेणार हायस." मग गाडीचं दार उघडत, "तुझ्या कॉलेजापाशी एक हाय म्हणालेलीस ना?"

मी म्हणाले, मी उद्या एसटीनं जाऊन विचारते.

"उद्या कशाला? निम्म्यात तर आलोय."

कॉलेज मंचरला. तिथपर्यंतचा रस्ता मी कसा काढला ते सांगत नाही. मी सारखी बोलत होते. परीक्षेचं, मैत्रिणींचं, वाटेल ते. ते "हं" म्हणायचे आणि मी पुढचा प्रश्न विचारायचे.

मंचरची शाळा एक बाई चालवत होत्या, चाळिशीच्या, मोठ्या आवाजाच्या. नवरा आणि त्या दोघं शिकवतात म्हणाल्या. त्यांनी फी एका दमात सांगितली. वीस धडे, रोज अर्धा तास, गाडीत शिकणारी एकटीच. त्याचे साडेपाच हजार. टेस्टला हीच गाडी, तिचे वेगळे पैसे नाहीत. सरकारी फी पोर्टलवर भरायची, ती हजाराच्या आत येते, पावती तुमच्या नावाची. अर्ज भरण्याचे आमचे पाचशे, आणि तुझं तू भरत असशील तर तेही देऊ नकोस. टेस्ट आरटीओचा कॅम्प लागला तर जवळच, नाहीतर पिंपरी-चिंचवडच्या आरटीओ ऑफिसला.

अण्णा म्हणाले, "आळेफाट्याला तीन हजारात शिकवत्यात, ताई."

"शिकवू द्या की. दादा, तिथं पोरगी गाडीत बसायला शिकेल. चालवायला इकडंच पाठवाल."

अण्णा हसले. त्या दिवसात पहिल्यांदाच. मग त्यांना गाडी बघायची होती. बाईंनी डावीकडचं दार उघडून दाखवलं. शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच होता. पोरगी घाबरली, चुकली, गडबडली तरी मी गाडी थांबवते, असं त्या म्हणाल्या.

अण्णा वाकले. हातानं तो ब्रेक दाबून बघितला, आणि चालकाकडचा ब्रेक आपोआप खाली जाताना बघत राहिले. पुन्हा दाबला. बराच वेळ ते तसेच वाकलेले होते. मला वाटलं, झालं, आता इथंच. मी हाक मारणार तेवढ्यात ते सरळ झाले.

"ह्यो आपल्या गाडीला बसवता येईल का?"

बाईंना वाटलं, ते मला घरी शिकवणार म्हणून विचारतायत. त्या म्हणाल्या की घरच्या गाडीला असं काही बसवत नाहीत. आणि हसून पुढं म्हणाल्या, "बसवला तरी दाबणारा पायजे ना, दादा. तुमच्या शेजारी कोण बसतं?"

अण्णांनी दार लावलं. शेजारी कोण बसतं ते आम्हा दोघांना माहीत होतं. माझा भाऊ. पुढं बसायला मिळावं म्हणून तो रोज चुलतीच्या मुलांशी भांडतो. त्याचे पाय खाली टेकतही नाहीत.

मला तेव्हा समजलं की अण्णाही घाबरले होते, कदाचित माझ्यापेक्षा जास्त. डॉक्टर म्हणाले तेव्हापासून. मला इतके दिवस वाटत होतं की त्यांना पटलेलंच नाही.

आत जाऊन त्यांनी दोन हजार भरले, बाकीचे पैसे धडे सुरू झाल्यावर द्यायचे ठरले. बाईंनी सांगितलं की लर्निंग आलं की लगेच सुरू करू, कॉलेजच्या आधी सकाळचा अर्धा तास. मी आभार मानले. बाहेर आमची गाडी उन्हात उभी होती. मी दाराशी गेले. आता एवढं सगळं अंतर परत.

अण्णा गाडीत बसले नाहीत. त्यांनी पारगावला माझ्या आत्याच्या मुलाला फोन लावला आणि मंचरला ये म्हणाले. काय झालं, असं त्यानं विचारलं असावं.

अण्णा म्हणाले, "मला फिट येते. गाडी तुझ्याकडं ठेव, पोरीचं लायसन येईपर्यंत."

तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. बाई ऑफिसच्या दारात उभ्या होत्या, त्यांनीही ऐकला. त्यांनी दोन खुर्च्या बाहेर सावलीत आणून ठेवल्या.

आत्याचा मुलगा मोटारसायकलवर मित्राच्या मागं बसून आला. अण्णांनी त्याला चावी दिली, तिसरा गिअर जरा दाबून टाकायला सांगितलं, पेट्रोल किती आहे ते सांगितलं. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

स्टँडवर आळेफाट्याची एसटी भरून आली. उभं राहायलाच जागा होती. कंडक्टरला मी म्हणाले, एक फुल, बायकांचं एक हाफ. अण्णांनी वरचा दांडा धरला होता. मी त्यांच्या दुसऱ्या हाताच्या दंडाला धरून उभी राहिले, त्यांना लाज वाटेल म्हणून घट्ट नाही. कळंबच्या पुढं एकानं उठून त्यांना जागा दिली.

बसल्यावर त्यांनी विचारलं, "मुलांना उद्या कितीची एसटी हाय?"

मला माहीत नव्हती. कंडक्टर पुढं गेला होता. मी म्हणाले, उतरल्यावर स्टँडवर विचारते.

"मीच इचारतो," ते म्हणाले. "आणि तुझ्या आईला आज मीच सांगंन."