शिडीची पेटी

निवडणूक नागपूरचं हायकोर्ट थांबवील, असं मी माझ्या अशिलाला छातीठोक सांगितलं. ती थांबली नाही.

अशील जानेफळकडचा, चांगली जमीन बाळगून असलेला कास्तकार. पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत अपक्ष उभा राहायची हौस त्याला आली, आणि त्याचा अर्ज भरायची हौस मला. अर्जात सूचकाचा मतदार यादीतला क्रमांक एका आकड्याने चुकला. छाननीच्या दिवशी निवडणूक अधिकाऱ्याने पान चघळत तो आकडा पाहिला आणि अर्ज नामंजूर केला. किरकोळ दोषासाठी अर्ज फेटाळू नये, असं कायद्यातच लिहिलं आहे. ते मी वाचूनही दाखवलं. त्याने पिकदाणी जवळ ओढली आणि पुढचा अर्ज मागवला. त्या लाल पिकदाणीची शिसारी मला आजही येते. आकडा मीच चुकवला होता, याची शिसारी मात्र बरीच उशिरा आली.

बुलढाण्याच्या बाररूममध्ये एक बुजुर्ग वकील होते. ते म्हणाले, घटनेचं तीनशे एकोणतिसावं कलम शांतपणे वाच. निकाल लागल्यावर निवडीला आव्हान देणारा निवडणूक अर्ज कर, त्याआधी कोर्टाची पायरी चढू नकोस. मी त्यांच्या चष्म्याकडे पाहून हसलो. नव्या घटनेने हायकोर्टाला रिटचे एवढे अधिकार दिलेले, आणि एका पान खाणाऱ्या अधिकाऱ्याला ते हात लावू शकत नाही? मी नांदुऱ्याला जाऊन नागपूरची गाडी पकडली.

निघताना अशिलाने विचारलं, तोवर प्रचार बंद ठेवायचा का? इथे मी माझ्या मूर्खपणावर कळस चढवला. म्हटलं, मुळीच नाही. हुकूम हातात पडला की वेळ राहायचा नाही; चिन्ह आत्ताच रंगवा. अर्जात त्याने पहिली पसंती शिडीला दिली होती, कारण ती कोणालाही काढता येते. माझ्या सल्ल्याने गावोगाव गेरूच्या शिड्या उभ्या राहिल्या: भिंतींवर, बैलगाड्यांच्या फळ्यांवर, एका म्हशीच्या पाठीवरसुद्धा.

नागपुरात न्यायमूर्तींनी मला फार वेळ बोलू दिलं नाही. अधिसूचनेपासून निकालापर्यंत सगळी प्रक्रिया म्हणजेच निवडणूक. अर्ज नामंजूर होणं हा तिचाच भाग. आणि निवडणुकीला हरकत घ्यायची ती निवडणूक अर्जानेच, नंतर. मी विचारलं, मग मधल्या काळात अन्याय झाला तर? ते म्हणाले, "मधल्या काळात निवडणूक आयोग निवडणूक घेईल, वकीलसाहेब. जो तो कोर्टात आला, तर ती कधीच होणार नाही." याचिका फेटाळली. खरं सांगायचं तर बोलणं पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त संताप आला. परतीच्या गाडीत मी कायद्याला, पान खाणाऱ्याला आणि शेजारी केळी सोलणाऱ्या प्रवाशाला सारख्याच शिव्या घातल्या.

परतलो तर चिन्हवाटप उरकलं होतं. आमचा अशील रिंगणात नव्हता, तेव्हा शिडी मोकळी होती. दुसऱ्या एका अपक्षाने ती आपल्या अर्जात पसंतीक्रमात लिहिलेली. त्याची पहिली पसंती दुसऱ्याला गेली आणि शिडी याला मिळाली. सगळं नियमात. त्याला भिंत रंगवायची गरजच उरली नाही. तो आमच्या शिड्यांखाली उभा राहून हात जोडायचा. आम्ही माणसं पाठवून चुना फासायला लागलो, पण गेरू चुन्यातून वर यायचा. ओल्या चुन्यात ती लालसर शिडी दिसली, की आम्ही पुन्हा चुना कालवायचो.

त्या काळी मतदानाला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह. अशिलाच्या म्हाताऱ्या आत्याने संध्याकाळी मोठ्या आनंदाने सांगितलं, "बाबू, तुह्याच पेटीत टाकलं मी. शिडीच्या." गावंच्या गावं तिच्यासारखीच शिडीत मत टाकून आली होती. तो अपक्ष निवडून आला, आणि त्याच्या मिरवणुकीचे बत्ताशे अशिलाच्याही ओट्यावर येऊन पडले.

मी जानेफळला गेलो. अशील बाजेवर बसला होता. म्हटलं, आता खरी वेळ आली. निवडणूक आयोगाकडे अर्ज करायचा, आयोग न्यायाधिकरण नेमील. तुमचा अर्ज चुकीने नामंजूर झाला आणि त्याचा निकालावर परिणाम झाला, हे दाखवलं की निवड रद्द. आणि परिणामाचा पुरावा तर गावोगावच्या भिंतींवर आहे.

तो सुपारी कातरत म्हणाला, "अर्ज लावतो ना, काऊन नाही लावणार. पण वकील दुसरा पाहून राह्यलो. तुमी अर्ज लावला, तं तो शिडीवाला पुढच्या खेपेले बिनविरोध येईन."