लॉजचं बिल

आमच्या कारखान्याचे रोखपाल सगळ्यांच्या नोटा दोनदा मोजत. फक्त एका फिटरच्या मोजत नसत, कारण त्याच्याशी वीस वर्षांची दोस्ती होती.

तो फिटर परगावी यंत्र बसवून परतला. प्रवासासाठी त्याने आठ हजारांची उचल घेतली होती. बिलं चौसष्टशेची झाली, म्हणून उरलेले सोळाशे त्याने खिडकीतून सरकवले. बिलांमध्ये लॉजच्या दोन रात्रींचे अठराशे होते.

रोखपालांचा हात थांबला. "तू तर माझ्या लेकीकडे उतरला होतास."

"अरे, सगळेच लावतात. दुसऱ्या कुणी अडवलं असतं, म्हणून तर तुझ्याकडे आणलं."

"तुला पलंग देऊन ती दोन्ही रात्री जमिनीवर झोपली."

"मग तिला घेऊ की काहीतरी त्यातून!"

रोखपालांनी लाल शाईने लॉजच्या बिलावर काट मारली. खर्च शेहेचाळीसशे, परत चौतीसशे. "अजून अठराशे काढ."

फिटरने पाकीट रिकामं केलं. "माझ्याशी एवढं ताणतोस होय?"

रोखपालांनी सगळ्या नोटा ओढून घेतल्या आणि त्याच्या देखत दोनदा मोजल्या. मग चौतीसशेची पावती फाडून दिली.