“जमते, जमते” म्हणता म्हणता दोन वर्षं

आज सकाळी भाचीचा फोन आला. “मामा, आईचं इन्शुलिन, जेवण, सारं करून थकली मी. आठ दिवस येता का?”

तिची आई म्हणजे माही मोठी बहीण, ताई. ऐंशीच्या दशकात सिंदेवाहीच्या घरी बाबाले शुगर होती, तेव्हा आम्ही दोघंच करत होतो. फ्रीज नाई, म्हणून इन्शुलिनची बाटली डबीत घालून माठाखालच्या ओल्या वाळूत. मी निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब टाकून तापवायचो. विटकरी रंग आला की साखर लय वाढलेली. ताई काचेची सिरिंज उकळून सुई द्यायची.

शेजारची मावशी विचारायची, काही मदत लागते का. आम्ही म्हणायचो, “जमते.”

दोन वर्षांनी एका सकाळी सुई दिली आन् मले वाटलं ताईनं जेवू घातलं, ताईले वाटलं मी. उपाशीपोटी साखर एकदम उतरली; बाबा घामानं भिजले, हात थरथरले, बोलणं अडखळलं. साखरपाणी पाजलं तेव्हा सावरले.

मावशी रागावली, “सुई मले नाई जमत, पण ताट तं वाढता येते! काऊन नाई सांगतलं?” दुसऱ्या दिवसापासून सुईच्या वेळी तिचं ताट हजर.

भाचीनं वेळेवर सांगतलं. मी उद्याच्या एस्टीनं निघून राह्यलो.

तुमच्या घरी “जमते” कोण म्हणून राह्यलं?