अक्षरी चाळीस

१९९७ साली मी एकसष्ट वर्षांचा होतो. विंचूरचं माझं कांद्याचं गोदाम एका व्यापाऱ्याला भाड्यानं दिलं होतं. करार करताना मी मराठीत ४०,००० अनामत लिहिली, अक्षरीही लिहिली. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टनं इंग्रजी प्रत करताना माझा ४ इंग्रजी 8 समजून 80,000 टाकले. "अक्षरी टाकू का, बाबा?" त्यानं विचारलं. इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, पण ते कबूल कोण करणार? "आकडा पुरे. मी काय पळून चाललो?" म्हणालो आणि सही ठोकली.

तीन वर्षांनी व्यापारी गोदाम सोडायला निघाला. "काका, इंग्रजी कागद ऐंशी म्हणतो."

"आणि तू काय म्हणतोस?"

तो हसला. पैसे रोख घेतलेले, पावती नाही.

वकील म्हणाले, "मराठीत अक्षरी आहे, तुमची बाजू भक्कम. पण निकालाला वर्षं जातील."

माझ्यात तेवढा दम नव्हता. पन्नासवर मिटवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेक लिहायला बसलो. आधी 'पन्नास हजार मात्र' लिहिलं, पुढं रेघ ओढली आणि मगच चौकटीत आकडा टाकला.