गुलाबीच हवी

मी व्हर्ना. डॉफिन शहराजवळच्या आमच्या गावातल्या औषधांच्या दुकानात गल्ल्यावर असते. ओरेस्ट हनात्युक आला की माझं डोकं फिरायचं. माणूस भला, पण हट्टी किती!

त्या दिवशी त्याने दोन दिवसांपूर्वी नेलेली बाटली परत आणली, उघडून आतल्या गोळ्या दाखवल्या आणि बाटली काउंटरवर आपटली.

"ही नको. आधीची दे."

मार्लीन आमची फार्मासिस्ट. ती शांतपणे म्हणाली, "औषध तेच आहे, ओरेस्ट. ताकदही तीच. फक्त कंपनी बदलली, म्हणून रंग पांढरा. गुलाबीवाल्या कंपनीने माल पाठवणं बंद केलंय."

"मला पटतंय गं पोरी. दार्काला कोण पटवणार?"

दार्का म्हणजे त्याची बायको. एके काळी चर्चच्या जेवणाला शंभर माणसांचे पेरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, एकटी वळायची. आता आठवण पुसत चाललीय; नवऱ्याला 'ते म्हातारे' म्हणते.

"पांढरी दिली तर म्हणते, विष घालतोयस. थुंकून टाकते. हृदयाची गोळी आहे, चुकवून कसं चालेल?"

"कुटून सफरचंदाच्या गरात दिली तर? ही कुटली तरी चालते," मार्लीनने सुचवलं.

"दिली. कडू लागली. वाटी माझ्या अंगावर आली." त्याने बाही पुढे केली. डाग तसाच होता. "गुलाबी हातावर ठेवली की म्हणते, 'हो, ही माझी.' मग गुमान घेते. मला ओळखत नाही, गं. पण ती गोळी ओळखते. आणि गोळी देणारा म्हणून मला घरात ठेवून घेते."

मी पावती फाडण्याच्या निमित्ताने खाली पाहिलं.

मार्लीनने फोनवर फोन केले. शेवटी डॉफिनच्या एका दुकानात थोडा जुना माल सापडला. आणायला कोण? मीच! बर्फात गाडी घसरवत, त्या म्हाताऱ्याच्या नावाने बोटं मोडत गेले. मार्लीनने अर्ध्या गोळ्या त्याला दिल्या, उरलेल्या त्याच्या नावाने कपाटात ठेवल्या.

पुढच्या महिन्यात तो आला. मी आधीच गुलाबी गोळ्यांची बाटली पुढे सरकवली. "घ्या तुमची राणी!"

त्याने ती परत सरकवली.

"पांढरी दे. कुठलीही दे."

माझा पाराच चढला. "अहो, मी बर्फातून जाऊन आणली ना ही!"

"ठाऊक आहे, व्हर्ना. उपकार झाले." तो बाटलीकडे बघत राहिला. "परवा तिच्या हातावर गुलाबी ठेवली. बराच वेळ पाहिली आणि मला विचारलं, 'हे काय असतं?' मी म्हटलं, घ्यायचं असतं. तिने घेतली. आता काहीही दिलं तर घेते. भांडतसुद्धा नाही."

मार्लीन काउंटरच्या बाहेर आली. तिने त्याचा हात धरला. तो म्हणाला, "ओरडायची ना, तेव्हा घरात कुणीतरी आहे असं वाटायचं."

मी पांढऱ्या गोळ्यांची पिशवी बांधली. गाठ काही केल्या बसेना.